दहा सेकंदांत काय ठरवायचं आणि काय सोडून द्यायचं

*"मी फोंड्याजवळ राहते, नर्स आहे. ऑस्ट्रेलियात नोकरीसाठी पीटीई ही कॉम्प्युटरवरची इंग्रजीची परीक्षा दिली. बाकी विभाग निभावले, पण बोलण्यात मार खाल्ला. लेक्चर परत सांगायचं असतं तेव्हा मी भराभर लिहून घेते, पान भरतं, पण नंतरच्या दहा सेकंदांत ते वाचूनही होत नाही. चित्राचं वर्णन सुरू बरं होतं, मग अडखळते, चुकलेलं वाक्य दुरुस्त करायला जाते आणि वेळ संपतो. प्राथमिक शिक्षण मराठीत झालं, त्यामुळे माझे उच्चार कॉम्प्युटरला कळत नसतील असंही वाटतं. क्लासचे सर म्हणतात, एक साचा पाठ कर आणि त्यात विषयाचे शब्द भर. वॉर्डमधली मैत्रीण म्हणते, ही मशीनची परीक्षा सोड आणि समोर माणूस असलेली दे. तयारीला इतका कमी वेळ असताना माणसाने करायचं तरी काय?"*

ताई, तुमचं सगळं पत्र तयारीचा वेळ कमी आहे या समजुतीवर उभं आहे. लेक्चर साठ ते नव्वद सेकंद चालतं, त्यानंतर दहा सेकंद मिळतात आणि मग चाळीस सेकंद बोलायचं असतं. तुम्ही तयारी धरता ती फक्त मधल्या दहा सेकंदांची. खरी तयारी लेक्चर चालू असतानाच होते. उत्तराची मांडणी बोलणाऱ्यानेच करून दिलेली असते, तुम्हाला ती फक्त हेरायची असते. दहा सेकंदांत नवी वाक्यं रचायला बसलात तर वेळ कमी पडणारच. त्या दहा सेकंदांचं काम फार लहान आहे. त्यात काय करायचं ते पुढे सांगते.

त्याआधी गुण कशाला मिळतात ते एकदा नीट पाहून घ्या, कारण तुमची अडखळण तिथूनच सुरू होते आहे. या दोन्ही प्रकारांत तीन गोष्टी मोजल्या जातात: आशय, बोलण्याचा ओघ आणि उच्चार. व्याकरणाला इथे वेगळे गुण नाहीत. 'द चार्ट शो' असं निघून गेलं आणि तुम्ही पुढे बोलत राहिलात, तर फारसं काही बिघडत नाही. पण 'द चार्ट शो... सॉरी, शोज' असं केलंत तर ते थांबणं, ती पुनरुक्ती आणि तो तुटलेला आरंभ, तिन्ही ओघाच्या खात्यात जमा होतात. ओघाचे वरचे गुण थांबणं आणि पुनरुक्ती जवळजवळ नसेल तरच मिळतात. म्हणजे ज्याला गुणच नाहीत ते वाचवायला तुम्ही ज्याला गुण आहेत ते खर्च करता. शाळेत चुकलं की दुरुस्त करण्याची सवय लावलेली असते, म्हणून हे कळूनही तोंड ऐकत नाही. त्यावर उपाय एकच, घरी सराव करताना दुरुस्तीला पूर्ण बंदी. वाक्य चुकलं तरी ते तसंच संपवायचं आणि पुढचं सुरू करायचं.

आता तुमच्या भरलेल्या पानाकडे वळू. ऐकत ऐकत पूर्ण वाक्यं लिहिली की दोन गोष्टी होतात. लिहिताना पुढचं वाक्य निसटतं, आणि नंतर त्या घाईच्या अक्षरांत नेमकं महत्त्वाचं कुठे आहे ते सापडत नाही. नव्वद सेकंदांच्या लेक्चरमधून दहा-बारा शब्द पुरतात. ते आडवे न लिहिता एकाखाली एक लिहा, म्हणजे पान वरून खाली हाच उत्तराचा क्रम होतो. लिहायचे ते नंतर आठवणार नाहीत असे शब्द: नामं, एखादी संख्या, आणि बोलणारा 'बट' किंवा 'हाउएव्हर' म्हणाला तिथे एक ठळक खूण. कारण दाखवायला बाण. शेवटचं वाक्य सुरू झालं की पेन आणखी सावध ठेवा, कारण बरेच वक्ते निष्कर्ष तिथेच सांगतात आणि ऐकणारा तोपर्यंत दमलेला असतो. शब्द इंग्रजीतच लिहा. मराठीत लिहिलं तर लिहिताना सोपं जातं, पण बोलायच्या वेळी प्रत्येक शब्दाला उलटवण्याचा एक क्षण लागतो आणि तोच कानाला अडखळण म्हणून ऐकू येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा लेक्चर आहे, शहरं आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षा गरम का असतात यावर. वक्ता सांगतो की काँक्रीट आणि डांबर दिवसा उष्णता शोषतात आणि रात्री सोडतात, म्हणून फरक रात्री जास्त जाणवतो. शहरात झाडं कमी, त्यामुळे पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा गारवा मिळत नाही. एसी खोली गार करतो, पण उष्णता बाहेर टाकतो. उपाय म्हणून फिक्या रंगाची छतं आणि झाडं, मात्र एकट्या इमारतीने भागत नाही, सगळा परिसर बदलावा लागतो. यासाठी पानावर एवढंच असावं: 'सिटी हॉट, नाइट', त्याखाली 'काँक्रीट', त्याखाली 'नो ट्रीज', मग 'एसी', मग 'व्हाइट रूफ', आणि खाली खूण करून 'होल एरिया'. डझनाच्या आतले शब्द, आणि त्यांत सगळं लेक्चर आहे.

लेक्चर संपलं. दहा सेकंद. आता तीनच कामं करा. पहिलं, कोणता मुद्दा वेळ कमी पडला तर गाळायचा ते ठरवून त्यावर बारीक रेघ मारा. इथे तो 'एसी' असेल, कारण तो जोड मुद्दा आहे. दुसरं, शेवटचा मुद्दा कोणता ते डोळ्यांनी पक्कं करा, म्हणजे बोलताना तुम्हाला कुठे पोहोचायचं ते माहीत असतं. तिसरं, पहिलं वाक्य मनात एकदा म्हणा. दुसरं आणि तिसरं वाक्य रचू नका, ती पानावरच्या शब्दांतून आपोआप निघतात. पहिलं वाक्य मात्र तयार हवं, कारण सगळी घाबरगुंडी त्या पहिल्या तीन सेकंदांतच असते. नंतर सूचक आवाज होतो, मग बोलायचं:

'द लेक्चर एक्सप्लेन्स व्हाय सिटीज आर हॉटर दॅन द कन्ट्रीसाइड, इस्पेशली ॲट नाइट. द मेन रीझन इज काँक्रीट, विच टेक्स इन हीट ड्युरिंग द डे अँड गिव्हज इट बॅक आफ्टर डार्क. सिटीज ऑल्सो हॅव फ्यूअर ट्रीज, सो देअर इज लेस कूलिंग, अँड एअर कन्डिशनर्स पुश मोअर हीट आउटसाइड. द स्पीकर सजेस्ट्स लाइट-कलर्ड रूफ्स अँड मोअर ट्रीज, बट सेज दॅट वन बिल्डिंग इज नॉट इनफ, द होल एरिया हॅज टू चेंज.'

हे साधारण सत्तर शब्द झाले. शांत लयीत बोललात तर पस्तीस सेकंदांच्या आसपास लागतात. चाळीस सेकंद भरून काढायचेच असा हट्ट नको. पडद्यावरची वेळेची पट्टी संपण्याआधी शेवटचं वाक्य पूर्ण व्हायला हवं, एवढंच लक्ष्य ठेवा. वाक्यं साधी आहेत, पण त्यांच्यात 'सो', 'बट', 'विच' आहेत हे पाहा. तुमच्यासारख्यांचं एक नेहमीचं होतं, पानावरचे शब्द एकेक वाचले जातात: 'काँक्रीट... नो ट्रीज... एसी...'. मुद्दे बरोबर असूनही ते यादी वाचल्यासारखं वाटतं. हे छोटे जोडशब्द कारण आणि परिणाम एकमेकांना बांधतात, आणि वाक्याला लय देतात.

लेक्चर अर्धंच कळलं तर? तेही घडतं. मग विषय काय होता आणि तुम्हाला खात्रीने ऐकू आलेले दोन-तीन मुद्दे कोणते, एवढंच सांगा आणि सावकाश सांगा. मनाने भर घालू नका. संख्या 'थर्टीन' होती की 'थर्टी' ते नीट ऐकू आलं नसेल तर ती सोडून द्या आणि 'इन्क्रीज्ड' किंवा 'डिक्रीज्ड' एवढंच म्हणा. चुकीची संख्या सांगण्यापेक्षा दिशा बरोबर सांगणं कधीही परवडतं.

चित्राकडे जाऊ. इथे तयारीला पंचवीस सेकंद असतात आणि बोलायला पुन्हा चाळीस. तुमची सुरुवात बरी होते आणि मग अडता, याचं कारण बहुधा क्रम आहे. तुम्ही चित्र डावीकडून उजवीकडे वाचत असणार. समजा समोर पणजीच्या महिनावार पावसाचा स्तंभालेख आहे, बारा खांब, मोजमाप मिलिमीटरमध्ये. जानेवारीपासून सुरुवात केली तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च यांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, तरी तिथे दहा-पंधरा सेकंद जातात. जूनपर्यंत पोहोचता तेव्हा निम्मा वेळ संपलेला असतो, आणि ज्यासाठी चित्र काढलं आहे तो जुलैचा उंच खांब घाईत येतो. पाऊस काय असतो हे गोव्यात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको, पण परीक्षेत मात्र तीच व्यक्ती जानेवारीपासून मोजायला लागते.

पंचवीस सेकंद असे वाटा. पहिली पाच सेकंद शीर्षक आणि मोजमाप वाचण्यात: काय मोजलंय, कुठलं, कुठल्या एककात. पुढची दहा सेकंद सर्वात मोठं आणि सर्वात लहान शोधण्यात. पुढची पाच त्या दोघांमधला संबंध पाहण्यात, म्हणजे वाढ, घट, किंवा एखादा गट वेगळा पडलाय का. उरलेली पाच पहिलं वाक्य मनात म्हणण्यात. समजा जुलैचा खांब 950 च्या आसपास आहे, जून 900, ऑगस्ट 600, सप्टेंबर 280, आणि वर्षाचे पहिले तीन महिने जवळजवळ शून्य. मग उत्तर असं होईल:

'द बार चार्ट शोज मन्थली रेनफॉल इन पणजी, इन मिलिमीटर्स. जुलाय इज द वेटेस्ट मन्थ, विथ अबाउट नाइन हन्ड्रेड अँड फिफ्टी, अँड जून इज क्लोज बिहाइन्ड. आफ्टर जुलाय द रेनफॉल ड्रॉप्स, टू अबाउट सिक्स हन्ड्रेड इन ऑगस्ट अँड लेस दॅन थ्री हन्ड्रेड इन सप्टेंबर. बाय कॉन्ट्रास्ट, जॅन्युअरी टू मार्च इज ऑलमोस्ट ड्राय. ओव्हरऑल, मोस्ट ऑफ द रेन कम्स इन फोर मन्थ्स.'

यात सगळ्या बारा महिन्यांचे आकडे नाहीत. एकूण तीनच आकडे आहेत, तेही 'अबाउट' आणि 'लेस दॅन' घेऊन. खांबाच्या टोकावरून आकडा नेमका वाचायला जाण्यात वेळ घालवू नका, तुमचं काम तिथे नाही. वर्तुळाकृती आलेख असेल तर सर्वात मोठे दोन तुकडे आणि सर्वात लहान तुकडा. प्रक्रिया असेल तर टप्पे मोजा आणि पहिल्या टप्प्याने सुरू करून शेवटच्या टप्प्यावर थांबा, मधले हवे तेवढेच. नकाशा असेल तर आधी तो कशाचा ते, मग उत्तर-दक्षिण किंवा किनारा-आत अशा दिशेने. साधा फोटो असेल तर समोर काय दिसतं, मागे काय, आणि लोक काय करत आहेत. आकडे नाहीत म्हणून घाबरू नका, फोटोला वेगळा क्रम लागतो इतकंच.

आता क्लासच्या सरांचा सल्ला. मी तो अर्धा मान्य करीन. मांडणीचा ठरलेला क्रम असणं फार उपयोगी आहे: आधी विषय, मग सर्वात ठळक गोष्ट, मग तुलना, मग एका वाक्यात एकंदर. वर जे दोन नमुने दिले त्यांचा क्रम असाच आहे. पण क्रम पाठ असणं वेगळं आणि वाक्यं पाठ असणं वेगळं. 'द गिव्हन पिक्चर प्रोव्हाइड्स व्हेरी इम्पॉर्टन्ट इन्फर्मेशन विच इज क्लिअरली प्रेझेन्टेड' अशी तीन वाक्यं बोलायची तर पंधरा-वीस सेकंद जातात आणि त्यात चित्राबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. आशयाचा गुण शून्य झाला तर त्या उत्तराच्या ओघाला आणि उच्चाराला मिळणारे गुणही जातात. 2025 च्या ऑगस्टमध्ये परीक्षेत बदल झाले तेव्हापासून या प्रकारच्या उत्तरांच्या आशयात माणसाच्या तपासणीचाही भाग आहे, आणि तो बदल मुख्यतः पाठ केलेल्या साच्यांसाठीच आहे. त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार शब्द ठरलेले चालतील, त्यापुढे चित्रातले शब्द यायला हवेत. पटकन कसोटी हवी असेल तर स्वतःचं उत्तर ऐका आणि विचारा, हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही चित्राला चाललं असतं का? चाललं असतं तर ते काढून टाका.

उच्चारांबद्दल तुमची भीती बऱ्याच अंशी चुकीच्या जागी आहे. इंग्रज बोलतो तसं बोलणं अपेक्षित नाही. प्रत्येक शब्द ओळखता येईल इतकं स्पष्ट बोलणं अपेक्षित आहे. आपल्याकडे अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. घाईत शब्दांची शेवटची व्यंजनं गळतात, 'कॉस्ट' चं 'कॉस' होतं. प्रत्येक अक्षरावर सारखाच भर पडतो, त्यामुळे 'डिव्हेलपमेंट' मधल्या 'व्हे' वर भर पडत नाही. व्ही आणि डब्ल्यूमध्ये फरक राहत नाही. यातलं पहिलं सुधारलं तरी बराच फरक पडतो, आणि ते सुधारण्याची एकच युक्ती म्हणजे गती किंचित कमी करणं. ओघ आणि वेग एक नव्हे. भरधाव बोलणारे अनेकदा मध्ये थबकतात; सारख्या गतीने बोलणारे थबकत नाहीत.

दुसरी परीक्षा द्यावी का? आयईएल्टीएसच्या बोलण्याच्या विभागात समोर परीक्षक असतो, एका विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, आणि इथे नसलेले व्याकरणाचे गुण तिथे आहेत. लेक्चर परत सांगणं तिथे नाही, चित्रही नाही. तुम्हाला ऐकलेलं लक्षात ठेवून मांडणं जड जात असेल, पण गप्पा मारायला आवडत असतील, तर ती सोपी जाऊ शकते. उलट माणसासमोर जीभ अडत असेल तर नाही. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, अडचण कॉम्प्युटरची नाही, क्रमाची आणि दुरुस्तीची आहे, आणि ती दोन्ही इथेच सुधारण्यासारखी आहे. महिनाभर खालीलप्रमाणे सराव करूनही ओघात फरक पडला नाही तर मग बदलाचा विचार करा. आणि बदलायच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंग नोंदणीसाठी कुठल्या परीक्षेत प्रत्येक विभागात किती गुण लागतात ते त्यांच्याच संकेतस्थळावर पाहून घ्या. एकूण गुण पुरेसे असून एकाच विभागात कमी पडल्याने अर्ज अडकतो, आणि परीक्षा बदलून ते टळत नाही.

सराव रोज पंधरा मिनिटं पुरे, पण ध्वनिमुद्रण करून. फोनवर नोंद करा, घड्याळ चाळीस सेकंदांना लावा, आणि ऐकताना तीनच गोष्टी मोजा: किती वेळा दुरुस्ती केली, किती वेळा 'अँ' केलं, आणि शेवटचं वाक्य पूर्ण झालं का. अर्थ नीट पोहोचतो का ते कळायला दुसरं माणूस हवं. वर्तमानपत्रातला एखादा आलेख घ्या, त्याचं वर्णन चाळीस सेकंदांत करा, आणि तो न पाहिलेल्या मैत्रिणीला ऐकून कागदावर काढायला सांगा. सगळ्यात उंच खांब आणि त्याची जागा बरोबर आली तर तुमचं वर्णन ठीक. मग लेक्चरसाठी तसंच: तिने ऐकून कारण काय आणि उपाय काय एवढं सांगावं. नाइट ड्युटीच्या दिवशी सराव सोडलात तरी चालेल, थकलेल्या आवाजात नोंद करून उगीच मन खट्टू होतं.

परीक्षाकेंद्रात आणखी दोन गोष्टी. माइक सुरू होण्याआधी बोललेलं नोंदवलं जात नाही, म्हणून वेळ उलटायची वाट पाहा, आणि आवाज झाला की लगेच सुरू करा. तीन सेकंद शांतता राहिली तर नोंद बंद होते, ती परत सुरू करता येत नाही. म्हणून मध्येच सुचेनासं झालं तर थांबू नका. आधी बोललेल्या मुद्द्याचाच शब्द धरून 'दिस मीन्स दॅट' म्हणा आणि पुढे जा. शेजारच्या खुर्च्यांवरचे उमेदवारही मोठ्याने बोलत असतात, त्याची सवय असावी म्हणून घरी दूरदर्शन सुरू ठेवून सराव करा. माइक नाकासमोर न ठेवता ओठांच्या किंचित बाजूला, हनुवटीच्या पातळीवर ठेवा, नाहीतर श्वासाचा आवाज शब्दांवर चढतो. सुरुवातीला आवाज तपासण्याची संधी देतात, तेव्हा दोन वाक्यं बोलून परत ऐका आणि आवाज खोल किंवा तुटका वाटला तर तिथेच पर्यवेक्षकाला हात करून सांगा, पहिला प्रश्न आल्यावर नको.